बोर्डावरचा शेंदऱ्या

आईस्क्रीमला बाजारातल्या फळांची नावं मी द्यायला लागलो ते हौसेनं नाही, चिडून.

बेळगावात हिंडलग्याच्या रस्त्यावर दुकान टाकलं तेव्हा इसेन्स विकणाऱ्या कंपनीचा माणूस एक प्लास्टिक चढवलेला मेनू फुकट देऊन गेला होता. त्यात जांभळाच्या आईस्क्रीमला 'पर्पल डिलाइट' असं नाव होतं. मीही तसंच लावलं. आम्ही इसेन्स घालत नव्हतो, खरी जांभळं घालत होतो, तरी नाव त्याचंच. एकदा खानापूरकडची एक बाई लेकीला घेऊन आली. पहिला चमचा तोंडात घातला आणि दुकानभर ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "अगं बया, ही तर जांभळं की! मग जांभूळ म्हणून लिवायला ह्यांचा हात मोडला व्हय?"

दुकानात चार माणसं होती, चौघंही हसली. माझं डोकं सणकलं, पण बाईचं काही चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तो मेनू फाडला आणि पेंटरला बोलावून भिंतीवर काळा बोर्ड करून घेतला. वर कन्नड, खाली मराठी. जांभूळ, करवंद, सीताफळ, रामफळ, पेरू. ज्या महिन्यात जे फळ बाजारात, तेवढीच ओळ बोर्डावर. हंगाम संपला की ओळ पुसायची. फणसाला मी नुसतं फणस लिहिलं नाही, 'बरका फणस' लिहिलं. कारण बेळगावात फणस घेताना माणूस पहिलं विचारतो, बरका का कापा? आईस्क्रीमला बरकाच लागतो. त्याचा गर मऊ, चाळणीतून उतरतो. काप्याचे गरे कितीही वाटले तरी दाताखाली रबरासारखे येतात.

बायको म्हणाली, "करवंदाचं कोण खाणार? लोक ती रस्त्यावर द्रोणातनं घेऊन खात्यात."

"म्हणूनच खातील," मी म्हणालो. आणि खाल्लं.

मी निपाणीचा. आई विड्या वळायची, मी तंबाखूच्या वखारीत पोती उचलत मोठा झालो. पुढं हातगाडीवर आठवडी बाजारात पॉटचं आईस्क्रीम विकलं, बर्फात मीठ घालून हातानं फिरवलेलं. मला कुणी काही दिलेलं नाही, आणि भाव केल्याशिवाय मी आजवर काही घेतलेलं नाही. हे सांगायचं कारण, पुढं जे झालं त्यात मी भाव बरोबर केला होता. तरी फसलो.

नावं चालली तसा मला आंब्याचा लोभ सुटला. हापूसचं आईस्क्रीम बेळगावात प्रत्येक दुकानात असतं, अर्ध्या ठिकाणी ते डब्यातल्या रसाचं असतं. मला असा आंबा हवा होता की ज्याचं नाव बोर्डावर वाचून माणूस थांबेल. गणपत गल्लीच्या तोंडाला मे महिन्यात गावोगावच्या बायका रायवळ आंब्याच्या बुट्ट्या घेऊन बसतात. आमच्या भागात रायवळच्या प्रत्येक झाडाला घरच्यांनी नाव ठेवलेलं असतं. कुणाचा खोबऱ्या, कुणाचा गोटी, कुणाचा शेपू. हे जातीचं नाव नव्हे, एका झाडाचं नाव. बांधावर दहा झाडं असली तर दहा नावं, आणि दहा चवी.

कडोलीची एक आक्का तिथं बसायची. साठीची असेल. तिच्या बुट्टीतले आंबे देठाकडं असे लालभडक की कुणी शेंदूर फासलाय असं वाटावं. मी एक उचलून हुंगला आणि मुद्दाम तोंड वाकडं केलं.

"कसा शेकडा?"

तिनं भाव सांगितला.

"रायवळ आंब्याला एवढा? हापूस विकतीस व्हय गं आक्का?"

"रायवळ असंल तुमच्या घरात. शेंदऱ्या हाय त्यो. माझ्या सासऱ्याच्या आज्ज्यानं लावलाय. बुट्टी खाली ठेवा, हात लावून लावून मऊ करू नगासा."

मी दोनदा उठून गेलो आणि दोनदा परत आलो. तिनं दोन्ही वेळा मान वर केली नाही. तिसऱ्यांदा मी म्हणालो, अख्ख्या झाडाचा माल मी उचलतो, तुला उन्हात बसायची गरज नाही, भाव मात्र खाली आण. ती हसली. थोडा खाली आली, मी थोडा वर गेलो. तिनं एकच अट घातली, पिकायला लागल्यावर दर चार दिवसांनी आंब्याच्या चार पाट्या तिच्याकडंच राहतील, जुनी गिऱ्हाइकं हायत म्हणून. मी कबूल केलं.

तो आंबा आईस्क्रीमला सोपा नव्हता. रायवळ म्हणजे रेषा आणि पातळ रस. तसाच घातला तर पाण्याचे खडे होतात, जिभेला बर्फ लागतो. आम्ही रस आधी चाळणीतून आणि मग फडक्यातून गाळला, मंद आचेवर आटवला आणि पूर्ण थंड केला. दूध, साय, साखरेचं मिश्रण वेगळं तापवून, थंड करून, एक रात्र फ्रीजमध्ये मुरवलेलं. रस नेहमी गार मिश्रणातच घालायचा. गरम दुधात आंबट रस पडला की दूध फाटतं, आणि हे मी निपाणीत असताना एक अख्खं पातेलं ओतून देऊन शिकलो होतो. मशीनमधून काढल्यावर पहिला चमचा बायकोला दिला. दुसरा चमचा तिनं स्वतः घेतला.

पेंटर म्हणाला, "अण्णा, शेंदऱ्याला कन्नडमध्ये काय लिहू?"

"शेंदऱ्याच लिही. नाव हाय ते. तुझं नाव कन्नडमध्ये बदलतंय व्हय?"

बोर्डावर ओळ आली, 'शेंदऱ्या, कडोलीचा आंबा'. लोक थांबले. मेडिकल कॉलेजची पोरं थांबली, गोव्याला जाणाऱ्या गाड्या थांबल्या. कडोलीचे लोक तर आमच्या गावचं काय म्हणून मुद्दाम बघायला आले. म्हातारी माणसं खाताना आपापल्या झाडांची नावं सांगायची. आमचा साखऱ्या होता, रस्त्यात गेला. आमचा तेल्या अजून हाय. जून उजाडेपर्यंत शेंदऱ्या संपला आणि मी ओळ पुसली. पुसताना मला स्वतःचंच कौतुक वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

त्याच पावसाळ्यात गावातल्या एका मोठ्या, काचेच्या दुकानात शेंदऱ्या लागला. त्यांचा बोर्ड दिव्यांचा. आंब्याचा हंगाम संपून महिना झाला होता आणि तिथं शेंदऱ्या मिळत होता. मी गेलो, एक कप घेतला. भगवा, जवळजवळ लाल रंग. डब्यातला रस आणि वर रंग. नावात शेंदूर आहे म्हणून आईस्क्रीमलाही शेंदूर फासला होता. खऱ्या शेंदऱ्याचा लाल रंग फक्त सालीवर असतो, आत तो फिका पिवळा. त्या माणसांनी तो आंबा कधी कापलाच नव्हता.

मी कप काउंटरवर आपटला. "तुमच्याकडं शेंदऱ्या आला कुठनं? झाड कुठलं?"

तिथला मॅनेजर बिचकला नाही. "सर, फ्लेवरचं नाव आहे ते."

"झाडाचं नाव हाय! कडोलीत एक झाड हाय, एकच! ज्याच्यात त्या झाडाचा आंबा न्हाय त्याला शेंदऱ्या म्हणायचं न्हाय. आधी फळ, मग नाव. एवढं कळत न्हाय तर दुकान कशाला टाकलंय?"

सगळं दुकान ऐकत होतं. दोघं-तिघं मोबाईल काढून उभे राहिले होते. मॅनेजर म्हणाला, "मग नाव तुमच्या आजोबांनी ठेवलं का?"

ठेवलं नव्हतं. मी तसाच बाहेर आलो. पण बोललेलं बोललो होतो, भर दुकानात, आणि ते गावात फिरलं. लोक मला सांगायचे, बरं सुनावलंत अण्णा. मीही ते खुशीनं ऐकून घेतलं.

आता चूक सांगतो. निपाणीजवळ बोरगावच्या रस्त्याला एक मंगल कार्यालय आहे. त्याचा मालक माझ्या हातगाडीच्या दिवसांपासूनचा ओळखीचा. त्यानं त्या पहिल्या मे महिन्यातच दुकानात येऊन शेंदऱ्या खाल्ला आणि तिथल्या तिथं म्हणाला, पुढल्या मे महिन्याची लग्नं तुझ्याकडं. मी हो म्हणालो. दोन वर्षं आधी मी त्याच्या दारात आईस्क्रीम घेऊन गेलो होतो तेव्हा त्यानं मला मागच्या दारानं यायला सांगितलं होतं. आता तो माझ्या दारात उभा होता. मी कसलाही विचार न करता हो म्हणालो.

पौष संपता संपता मी कडोलीला गेलो, मोहोर बघायला आणि भाव आधीच बांधून घ्यायला. आक्काच्या बांधावर गोटीला मोहोर होता, शेजारच्या झाडांना होता. शेंदऱ्याला नव्हता. त्याला सगळीकडं कोवळी तांबूस पालवी फुटली होती. झाड असं चकचकीत, तरणंताठं, आणि मोहोराचा एक तुरा नाही.

"यंदा त्येची पाळी न्हाय," आक्का म्हणाली.

"पाळी म्हंजे?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "एक साल लागतोय, एक साल इसावा घेतोय. गेल्या साली लई लागलाता न्हवं? तुमास्नी म्हाईत न्हाय? म्या म्हटलं एवढा मोठा बोर्ड लावलासा म्हंजे इचार करूनच लावला असंल."

रायवळ आंबा एक वर्षाआड धरतो हे या भागातल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी वखारीत वाढलेला, झाड माझ्या डोक्यात कधी नव्हतंच, होता तो माल. जांभूळ संपलं तर दुसऱ्या झाडाचं जांभूळ मिळतं, कारण बोर्डावर जांभूळ लिहिलंय. मी मात्र एका झाडाचं नाव लिहून बसलो होतो. दुसरं झाड त्या नावाला नव्हतंच.

मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो, तू आधी का सांगितलं नाहीस?

"इचारलासा का? भाव इचारलासा. भावाचं सांगितलं."

मी कार्यालयाच्या मालकाकडं गेलो. त्याच्या ऑफिसात टेबलावर मेनू कार्डांचा गठ्ठा होता. जिलेबी, मसाले भात, आणि शेवटी 'कडोलीचा शेंदऱ्या आईस्क्रीम'. मी त्याला झाडाचं सांगितलं. तो हसायला लागला.

"अरं खुळ्या, झाड लागलं न्हाय तर न्हाय. कुठला बी आंबा घाल. पाव्हणं काय कडोलीला जाऊन झाडाला इचारणार हाईत?"

"दुसरा आंबा देतो, चांगला देतो. गोटी हाय, गोड हाय. नाव गोटी लिही."

"लग्नात गोटी? नवऱ्याकडची माणसं काय म्हणतील? पोरास्नी खेळायला बोलावलंय म्हणतील." तो पुढं झुकला. "हे बघ, कार्ड छापलंय. पोरीच्या बापानं वाचलंय. तू शेंदऱ्या म्हणून आण, आत काय हाय ते तुझ्या नि माझ्यात."

मला खरं सांगायचं तर मी विचार केला. बसल्या जागी केला. फरक कुणाला कळला असता? गोटीचा रस आटवून त्यात थोडी वेलची टाकली असती तर बायकोलाही कळला नसता. सात लग्नं होती. पण त्या काचेच्या दुकानात मी जे ओरडलो होतो ते माझ्या आडवं आलं. आधी फळ, मग नाव. ते मोबाईलवाले कुठंतरी होतेच. आणि मोबाईल नसते तरी त्या मॅनेजरनं कधीतरी माझ्या दारात येऊन विचारलं असतं, झाड कुठलं? त्या एका प्रश्नाच्या भीतीनं मी नाही म्हणालो. यात तत्त्व किती आणि अकड किती हे मला आजही सांगता येत नाही.

"मग राहू दे," मालक म्हणाला. त्याला राग आला नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "मिळतंय शेंदऱ्या दुसरीकडं."

मिळालाच. त्या मे महिन्यात सातही लग्नांत काचेच्या दुकानाचा लालभडक शेंदऱ्या वाढला गेला. निपाणी, बोरगाव, बेळगाव, सगळीकडच्या पाहुण्यांनी खाल्ला. माझ्या बोर्डावर त्या वर्षी 'गोटी' होता. खपला बरा. लोक मात्र विचारायचे, शेंदऱ्या नाही का? मी सांगायचो, झाडाचं विसाव्याचं साल आहे. कुणी मान डोलवायचे. कुणी एकमेकांकडं बघून हसायचे, आणि मला ते हसणं कळायचं. ह्याला माल परवडत नाही, असं ते हसणं.

"एवढं चिडायचं तर नावंच कशाला ठेवायची?" बायको म्हणाली. "आंबा लिवा. सुखानं जगा."

मी वाट बघत होतो. झाडाची पाळी पुढल्या साली होती.

आणि पुढल्या साली झाड असं लागलं की आक्कानं दोन फांद्यांना टेकू दिले. मी माघातच कडोलीला जाऊन भाव बांधून आलो, ह्या वेळी फार घासाघीस न करता. मे महिन्यात पहिली खेप उतरली, रस गाळला, आटवला. आईस्क्रीम पहिल्यापेक्षा चांगलं झालं होतं. मी पेंटरला बोलावून ओळ ह्या वेळी ऑइल पेंटनं, ठळक अक्षरांत लिहून घेतली.

पहिल्याच संध्याकाळी एक कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन मुली. चार शेंदऱ्या. बाईनं कप हातात घेतला आणि परत काउंटरवर ठेवला.

"हा शेंदऱ्या नाही."

"म्हणजे?"

"शेंदऱ्या लाल असतो. आम्ही निपाणीला लग्नात खाल्लाय. हे साधं मँगो आहे."

मी खालून आंब्याची पाटी वर घेतली, एक आंबा उचलला, देठाकडची लाल साल तिला दाखवली, तिच्यासमोर कापला. आत फिका पिवळा. "हा शेंदऱ्या. ह्याच्या सालीला शेंदूर असतो, पोटात नाही. तुम्ही खाल्ला तो रंग होता."

तिनं फोड खाल्ली. मुलींना दिली. "आंबा छान आहे हो," ती म्हणाली, अगदी प्रामाणिकपणे. "पण आईस्क्रीम त्यांचंच शेंदऱ्यासारखं होतं."

मी त्यांना काय बोललो ते इथं लिहीत नाही. बायकोनं मला आत ढकललं आणि त्यांचे पैसे परत केले. पण तसं म्हणणारी ती पहिली होती, शेवटची नव्हती. आठवडाभर रोज कुणीतरी कपात बघायचं, मग बोर्डाकडं, मग माझ्याकडं. मी रोज आंबा कापायचो, रोज घसा कोरडा करायचो. एकानं तर हळूच सल्ला दिला, "अण्णा, थोडा कलर टाका की. एवढं काय त्यात."

मग एके दिवशी सकाळी आक्का दुकानात आली. ती कधी आली नव्हती. मला वाटलं भावावर बोलणार. मी मनात आकडाही तयार ठेवला. ती बाकावर बसली, पदरानं तोंड पुसलं, आणि बोर्डाकडं बोट केलं.

"ते नाव काढा."

"काय झालं आक्का?"

"माझ्या चार पाट्यांची गिऱ्हाइकं म्हणत्यात, आक्का, ह्यो शेंदऱ्या न्हवं. वीस वर्सं आंबं नेणाऱ्या बाया. एकीनं फोडून बघितला नि म्हणाली, आत लाल न्हाय, तू बी आता फसवाया लागलीस व्हय? मला!" तिचा आवाज चिरकला. "माझ्या झाडाचा आंबा माझ्या हातात, नि मला म्हणत्यात ह्यो त्यो न्हवं."

"ते त्या काचेच्या दुकानाचं काम हाय. मी न्हाय रंग घातला."

"रंग त्येनी घातला. नाव बाजारात कुणी नेलं?"

मी भांडायला तोंड उघडलं. माझ्याकडं मुद्दे होते. मी म्हणणार होतो की तुझ्या झाडाला कोण ओळखत होतं, मी बोर्ड लावला म्हणून भाव आला, सात लग्नं मी सोडली ती तुझ्या झाडाखातर. त्यातलं शेवटचं तर खरंही नव्हतं. ती शांतपणे बघत होती, पहिल्या दिवशी बुट्टीशेजारी बसली होती तशी ताठ नाही, थकलेली.

"आंबं घ्या," ती म्हणाली. "सगळं झाड घ्या, ठरल्या भावात घ्या. नाव तेवढं बोर्डावर ठेवू नगासा. घरचं नाव हाय ते. घरात नि चार बायांत ऱ्हाऊ दे."

"आणि त्या काचेच्या दुकानात राहील ते?"

"त्येंच्यापाशी मी कुठं जाऊ? तुमच्यापाशी आले."

जन्मभर मी सौदे केलेत. समोरचा काय मागतो आणि त्याला खरं काय हवं असतं यातला फरक मला लगेच कळतो, त्यावरच मी पोट भरलं. इथं तसला फरकच नव्हता. ती जे मागत होती तेच तिला हवं होतं. आणि ते देऊन मला काहीही मिळणार नव्हतं. उलट दिव्यांच्या बोर्डावर ते नाव एकटंच राहणार होतं, आणि उद्या गावात लोक म्हणणार, बघा, खोटं होतं म्हणून ह्यानं काढलं.

मी ते तिला सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, "म्हणू देत."

"तुला सोपं हाय म्हणायला!"

"व्हय," ती म्हणाली. "मला लई सोपं हाय."

मी पेंटरची वाट बघितली नाही. ओलं फडकं घेतलं, निघेना, मग थिनर आणलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते बघत राहिलं. आधी कन्नड घासलं, मग मराठी. ठळक अक्षरं लिहून घेतली होती ना, ती जाता जात नव्हती. मी रागानं घासत राहिलो. कुणावर रागावलोय हे त्या वेळी नीट सांगता आलं नसतं. आक्का उठली, बायकोनं दिलेला चहा संपवला, आणि पुढल्या खेपेला पाट्या कधी पाठवू एवढं विचारून बसस्टॉपकडं गेली.

त्या जागी मी 'रायवळ आंबा' लिहिलं. कुणी विचारतं, कुठल्या झाडाचा? तेव्हा नाव माझ्या जिभेवर असतं. मी म्हणतो, कडोलीकडचा. आणि पुढचा प्रश्न येण्याआधी कप भरायला वळतो.